इतिवृत्त किती लांब असावे? गृहनिर्माण संस्थांच्या सचिवांनी या चुका टाळाव्यात

इतिवृत्ताची लांबी सभा किती वेळ चालली यावरून ठरवणे ही पहिली चूक होय. मागील इतिवृत्त कायम करण्याच्या विषयाला दोन ओळी पुरतात. पैसे खर्च होणार असतील तर त्याच सभेतील एका विषयाला आठ-दहा ओळी लागू शकतात.

समजा, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी सर्वसाधारण सभेने ७ लाख रुपयांपर्यंतच्या खर्चाला मंजुरी देऊन ठेकेदाराची निवड व्यवस्थापक समितीवर सोपवली आहे. समितीच्या सभेत यावर पाऊण तास वाद झाला. एक सचिव तो संवादासारखा तीन पाने लिहितो आणि पुढच्या सभेचा अर्धा वेळ ‘मी असे म्हणालोच नव्हतो’ यात जातो. दुसरा सचिव ‘चर्चा होऊन दरपत्रक मंजूर’ एवढेच लिहितो. ही दुसरी चूक मला अधिक गंभीर वाटते, कारण सर्वांत कमी दर का नाकारला असे लेखापरीक्षकाने वर्षभराने विचारले, तर दप्तरात त्याचे उत्तरच नसते.

नोंद अशी पुरेशी ठरेल:

‘सर्वसाधारण सभेच्या ठरावानुसार आलेल्या तीन दरपत्रकांवर विचार झाला. सर्वांत कमी दर ५,९५,००० रुपयांचा आहे, परंतु त्यात हमी ३ वर्षांचीच आहे. ६,८०,००० रुपयांच्या दरपत्रकात १० वर्षांची हमी असल्याने ते स्वीकारावे व खर्च दुरुस्ती निधीतून करावा, असे ठरले. केवळ गळकी बाजू दुरुस्त करावी, असे मत मांडून एका सदस्याने विरोध नोंदवला. ठराव ६ विरुद्ध १ मतांनी मंजूर.’

त्याखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे येतील, आणि ‘एका सदस्याने’च्या जागी त्या सदस्याचे नाव लिहावे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७३ नुसार समितीच्या निर्णयांची जबाबदारी सदस्यांवर एकत्रितपणे व वैयक्तिकरीत्याही येते, त्यामुळे विरोध करणाऱ्याचे नाव गाळणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. कंपन्यांच्या बाबतीत तर २०१३ च्या कायद्याचे कलम ११८ संचालक मंडळाच्या इतिवृत्तात ठरावाशी असहमत असलेल्यांची नावे मागते, आणि कामकाजाचा मात्र योग्य व अचूक सारांशच अपेक्षिते.

बाकी चर्चेत मुद्दा लिहावा, बोलणाऱ्याचे नाव नको. ठेकेदाराशी नाते असल्याचे एखाद्याने सांगितले किंवा एखाद्यावर काम सोपवले, तर मात्र नाव आणि मुदत हवीच. ‘माझे म्हणणे शब्दशः नोंदवा’ असा आग्रह झाल्यास त्या सदस्याकडून दोन-तीन वाक्यांचे लेखी निवेदन घेऊन ते इतिवृत्तासोबत जोडावे.

मसुदा सभेला गैरहजर असलेल्या एखाद्या समिती सदस्याला वाचायला द्यावा. काय ठरले, का ठरले आणि आता कोणी काय करायचे, यांपैकी काही त्याला विचारावे लागले, तर तेवढेच वाक्य वाढवावे.