पावसाळ्यातली आइस्क्रीमची लाइन

आइस्क्रीमच्या एजन्सीत सेल्समन म्हणून लागणारी मुलं बहुतेक मार्चमध्ये येतात. तेव्हा माल आपोआप खपतो, ऑर्डर घ्यायची आणि गाडी लावायची एवढंच काम. खरं काम जूनमध्ये सुरू होतं.

पावसाळ्यात दुकान तुटतं, म्हणजे माल घेणं थांबवतं, ते गिऱ्हाईक कमी झालं म्हणून नव्हे, तर दुकानदार फ्रीझर बंद करतो म्हणून. एकदा बंद झालेल्या फ्रीझरवर बिस्किटांचे खोके चढतात आणि पुढच्या मार्चपर्यंत ते उतरत नाहीत. काही जण रात्रीपुरताच बंद करतात, ते जास्त वाईट. उणे १८ अंशांवर राहायचा माल थोडा विरघळून पुन्हा गोठतो. भेटीत कपाचं झाकण उघडून बघा: आइस्क्रीम खाली बसलंय आणि वर बर्फाचे कण चमकतायत, कँडी काडीवर वाकडी झाली आहे, तर समजायचं की रात्री बटण बंद होतं. असा माल खाल्लेलं गिऱ्हाईक दुकानाला नव्हे, ब्रँडला नावं ठेवतं.

मात्र दुकानदाराला दोष देऊ नका, त्याचा हिशोब मांडा. समजा फ्रीझर दिवसाला साडेतीन युनिट खातो आणि युनिट दहा रुपयांना पडतं. महिन्याचे झाले हजार-अकराशे. मार्जिन वीस टक्के धरलं, तर नुसतं वीजबिल निघायला सव्वापाच हजारांची विक्री हवी. जुलैत आइस्क्रीम तीन हजारांचंच जात असेल, तर तो बटण बंद करणारच. उरलेले सव्वादोन हजार कुठून आणायचे, हे आपण सांगायचं.

आमच्या एजन्सीकडे फ्रोझन मटार, स्वीट कॉर्न आणि फ्रेंच फ्राइजही होते, त्यामुळे फ्रीझरचा एक कप्पा त्यांना दिला. (फ्रीझर कंपनीचा असेल तर आधी परवानगी घ्या. मासे मात्र कधीच नकोत, आइस्क्रीमला वास लागतो.) कोन आणि कँडी कमी करून फॅमिली पॅक ठेवले. पावसात रस्त्यावर उभं राहून कोणी खात नाही, पण जेवणानंतर घरी खातात. गणपतीत पाहुणे येतात, तेव्हा हेच पॅक चालतात. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई लागली की केटररला मोठे पॅक लागतात, आणि गावातला केटरर कोण हे किराणावाल्यालाच माहीत असतं. ती ऑर्डर किराणावाल्याच्याच नावावर बिल करा, मार्जिन त्याला मिळू द्या. थंडीत फ्रीझर चालू ठेवायला त्याला याहून मोठं कारण लागत नाही.

भेट आठवड्याची पंधरा दिवसांवर न्या, पण वार तोच ठेवा. दोन लाइन, म्हणजे दुकानांचे दोन मार्ग, एकाच गाडीत बसवा आणि किमान ऑर्डरची अट सैल करा. उन्हाळ्यातली उधारी मात्र पाऊस लागायच्या आत वसूल करा. उधारी थकलेला दुकानदार गाडी दिसली की आत जातो, मग फ्रीझर चालू आहे की बंद, हेही कळत नाही.