पणजी, मुरगाव, वाळपई : तीस वर्षांची सरासरी काढताना

पावसाच्या नोंदींवर काम करायला येणारा प्रत्येक जण लवकरच एका आकड्यावर अडतो. पणजीचा वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, तर सत्तरीतल्या वाळपईचा चार हजारांच्या घरात. एवढ्याशा गोव्यात एवढा फरक? 'सह्याद्री' हे उत्तर तोंडावर असतं, आणि ते खरंही आहे. पण मला हे काम शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, "डोंगराचं नाव नंतर घे. दोन्हीकडची वर्षं तीच आहेत का, ते आधी बघ."

कारण 'सरासरी' एकच नसते. जागतिक हवामान संघटनेच्या पद्धतीत सध्या 1991 ते 2020 ही तीस वर्षं धरतात. आपलं हवामान खातं मात्र मोसमी पावसाच्या अंदाजासाठी 1971 ते 2020 अशी पन्नास वर्षं धरतं. त्याआधी 1961 ते 2010 धरायचे, तेव्हा देशाच्या मोसमी पावसाची सरासरी 880.6 मिलिमीटर होती. वर्षं बदलली आणि ती 868.6 झाली. म्हणून एका केंद्राचा आकडा जुन्या तक्त्यातून आणि दुसऱ्याचा नव्यातून उचलला, तर निघालेला फरक पावसाचा की तक्त्याचा, हे सांगता येत नाही.

हिशेब तसा सोपा आहे. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजपात्रात ओतून वाचतात. पात्रात एका वेळी थोडंच मावतं, म्हणून जुलैत ते पुन्हा पुन्हा भरावं लागतं. रोजच्या नोंदींची बेरीज म्हणजे महिन्याचा पाऊस. तीस जुलैंची सरासरी म्हणजे जुलैचं सामान्य पर्जन्यमान, आणि अशा बारा महिन्यांची बेरीज म्हणजे वर्षाचं. पूर्ण वर्षं तेवढी निवडून त्यांची सरासरी काढत नाहीत, नाहीतर फेब्रुवारीतला एक दिवस हरवला म्हणून अख्खा पावसाळा वाया जाईल.

खरी मेहनत रिकाम्या जागांपाशी लागते. तापमानाच्या महिन्यात काही दिवस गहाळ असले तरी चालतं, पण पावसाची बेरीज करायची तर महिन्याचे सगळे दिवस हातात हवेत. आणि तीसपैकी निदान चोवीस वर्षांचा तो महिना पूर्ण असायला हवा.

समजा, एका केंद्राचे 28 वर्षांचे जुलै पूर्ण आहेत आणि त्यांची बेरीज 28,000 मिलिमीटर. 28 ने भागलं की 1,000. पण संगणकात भरताना दोन रिकाम्या महिन्यांच्या जागी कुणी शून्य टाकलं असेल, तर भागाकार तीसने होतो आणि 933 येतात. एका महिन्यात 67 मिलिमीटर पाऊस नाहीसा! गोव्यात जुलै कोरडा जाणं अशक्य, त्यामुळे हे शून्य लगेच डोळ्यांत भरतं. अवघड असतात ते महिन्याच्या मधले चार-पाच खोटे शून्य दिवस. त्यांच्यासाठी शेजारच्या केंद्रांचे तेच दिवस समोर ठेवायचे. सगळीकडे धो धो पाऊस आणि इथेच शून्य असेल, तर ती बहुधा न घेतलेली नोंद.

दुसरी गंमत सुट्टीची. रविवारी कुणी मापक वाचला नाही, तर सोमवारच्या आकड्यात दोन दिवसांचं पाणी येतं. महिन्याची बेरीज बिघडत नाही, पण 2.5 मिलिमीटर किंवा जास्त पावसाचे 'पावसाळी दिवस' एकाने कमी होतात आणि चोवीस तासांतला विक्रमी पाऊस खोटाच फुगतो. एखाद्या केंद्रावर रविवार नेहमी कोरडे आणि सोमवार ओलेचिंब दिसले, तर काय झालंय ते कळतंच.

एवढं झालं की मग डोंगराकडे वळावं. अरबी समुद्रावरून येणारी दमट हवा पणजीवरून पुढे जाते आणि घाटाच्या भिंतीला अडून वर चढते. वर ती थंड होते, वाफेचं पाणी होतं. वाळपई त्या पायथ्याजवळ आहे. समुद्रावर तयार झालेले ढग किनाऱ्यावर बरसतात तसे तिथेही बरसतात, शिवाय हवा वर चढल्याने पडणारा पाऊस वेगळा. म्हणून वाळपईचं वरचढ असणं वर्षानुवर्षं टिकतं.

पणजी आणि मुरगाव यांच्यात मात्र घाट येत नाही. मधे फक्त झुवारीचं मुख. त्यांच्या आकड्यांत फरक दिसला, तर तिथे वाऱ्याचा संशय घ्यावा. उघड्या टेकाडावर मापकाच्या तोंडाशी वारा भोवरतो आणि बारीक थेंब बाहेर उडवतो, त्यामुळे पडला त्यापेक्षा कमी पाऊस नोंदला जातो. उलट, जवळ झाड वाढलं किंवा भिंत उभी राहिली, तर तिचाही आडोसा नोंदीत शिरतो.

हे पकडायला दोन्ही केंद्रांची फक्त समाईक वर्षं घेऊन एकाची चढती बेरीज आडव्या अक्षावर आणि दुसऱ्याची उभ्या अक्षावर मांडतो. रेषा सरळ गेली तर फरक त्या जागांचाच. एखाद्या वर्षी ती मोडून पुढे वेगळ्या उताराने जाऊ लागली, तर त्या वर्षाचं केंद्राचं रजिस्टर काढायचं. मापक हलवला का, बदलला का, बाजूला बांधकाम झालं का, ते त्यात शोधायचं. कारण सापडेपर्यंत त्या केंद्राची सरासरी मी कुणाच्या हाती देत नाही.