अर्जांचे फोटो पुन्हा पाठवा, पण या चुका टाळा

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

मागच्या पावसाळ्यात सोसायटीच्या कार्यालयातल्या कपाटात पाणी शिरून सभासदत्वाच्या अर्जांची फाइल भिजली, हे आपल्याला ठाऊक आहेच. म्हणून तुमच्याकडच्या पोहोच प्रतीचे फोटो मागवले. ४८ आले, त्यातले १९ वाचता येत नाहीत. 'सेक्रेटरींना चष्मा लागलाय' असं कुणीतरी ग्रुपवर लिहिलं. चष्मा आहेच, नवा आहे.

या फोटोंवरून आय रजिस्टरमधल्या, म्हणजे सभासदांच्या नोंदवहीतल्या, नोंदी ताडून घ्यायच्या आहेत. सभासद कधी झालात याचा प्रथमदर्शनी पुरावा म्हणून कायदा हेच रजिस्टर धरतो. त्यामुळे तिथे मी अंदाजाने काही लिहिणार नाही, कितीही ओळख असली तरी.

अंदाज किती महागात पडतो ते सांगतो. एका सभासदांनी अर्जासोबतच्या नामनिर्देशनाच्या फॉर्मचा फोटो रात्री साडेदहाला पाठवला. नामनिर्देशित मुलीच्या जन्मसालातला शेवटचा आकडा इंग्रजीत होता, तो मला २००३ वाटला आणि खजिनदारांना २००८. ती जन्मतारीख खरं तर नामनिर्देशित व्यक्ती अल्पवयीन असेल तरच लिहायची असते, पण लोक सर्रास भरतात, त्यामुळे तारीख आहे म्हणून मुलगी लहान असं म्हणता येईना. २००८ असेल तर अर्ज भरताना ती अल्पवयीन, मग पालकाचं नाव लागणार. आणि पालकाच्या ओळीवर नेमकी बोटाची सावली! गृहस्थ परगावी, फोन लागेना. कमिटीची एक बैठक त्या एका आकड्यावर गेली. चार दिवसांनी कागद समोर आला तेव्हा कळलं, साल २००३. पालकाची ओळ कोरीच होती.

त्या फोटोत दोन दोष होते आणि ते वेगळे ओळखता येतात. अक्षरांना एकाच दिशेला सावलीसारखी दुसरी कड दिसत असेल तर हात हलला आहे. रात्रीच्या ट्यूबलाइटमध्ये उजेड कमी पडतो, कॅमेरा जास्त वेळ उघडा राहतो आणि तेवढ्यात हात हलतोच. सगळी अक्षरं सारखीच मऊ, लोकरीसारखी दिसत असतील तर फोकस चुकला आहे, बहुतेक वेळा फोन कागदाच्या फार जवळ नेल्यामुळे. मी स्वतः सकाळी खिडकीपाशी टेबलावर कागद ठेवतो, दोन्ही कोपरं टेबलाला टेकवतो, फोन वीतभराहून जरा वर धरतो, स्क्रीनवर अक्षरांवर बोट टेकवतो आणि मगच बटण दाबतो. लेन्स आधी रुमालाने पुसतो. दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरी चूक तर घरोघरी. फोटो चांगला येतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना त्याची वाट लागते. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान करून जातो. लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलची उरते. ए४ कागद २९७ मिलिमीटर लांब, म्हणजे एका मिलिमीटरला जेमतेम पाच पिक्सेल. छापील मजकुराला तेवढं पुरतं, पेनाने कोंबून लिहिलेल्या आकड्यांना पुरत नाही. त्यात अर्ध्या चौकटीत फरशी आणि पायाचे अंगठे असतील तर तेही निम्मे. अक्षरांभोवती बारीक चौकोनी ठिपके दिसले की समजा, दोष पाठवण्याचा आहे, फोटो परत काढायची गरज नाही. कागद चौकटभर घ्या आणि पाठवताना फोटोऐवजी Document निवडून तीच फाइल जोडा. पाठवल्यावर आपल्याच चॅटमध्ये ती उघडून सहीशेजारची तारीख मोठी करून वाचा. तुम्हाला वाचता आली तर मलाही येईल.

'आधी ग्रुपवर टाकलाय, त्याचाच स्क्रीनशॉट घ्या' असं कृपया सांगू नका.

प्लास्टिकच्या कव्हरमधून कागद बाहेर काढा. त्यावर दिवा चमकतो.

फोटोला धार आणणारी अ‍ॅप वापरू नका. जे कॅमेऱ्याने टिपलंच नाही ते अ‍ॅप आणणार कुठून? उलट तिनाची पोटं मिटून त्याचा आठ होतो. आणि पुसट अक्षरावर पेन फिरवून मग फोटो काढणाऱ्या महाभागांनो, ती तुमची पोहोच प्रत आहे, तिच्यावर एकही नवी रेघ नको.

ज्यांना हे सगळं कटकटीचं वाटतं त्यांनी कागदच घेऊन यावा. मी रविवारी सकाळी दहा ते बारा कार्यालयात असतो, तुमच्यासमोर स्कॅन करून प्रत लगेच परत देईन. या १९ जणांना मी वेगळा निरोप पाठवला आहे, त्यात कुठली ओळ वाचता येत नाही तेही लिहिलं आहे. पूर्ण पानच पाठवा, नुसत्या त्या ओळीचा तुकडा नको. तो कुठल्या अर्जातला हे मला कळत नाही.

आपला,
सचिव