आभाराच्या पत्रासोबत वाढीव खरेदीचा प्रस्ताव पाठवताना मी कुठे चुकलो

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेलच्या विक्री विभागात मी रुजू झालो, तेव्हा पुण्यातील लॉजना माल पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याशी आमच्या व्यवहाराला दहा वर्षे पूर्ण होत होती. आभाराचे पत्र लिहून त्यातच पुढील वर्षाची खरेदी वाढवण्याची विनंती करण्याचे काम माझ्याकडे आले. पत्राची भाषा मला जमली. आकडा मात्र चुकला, आणि नवख्या माणसाची चूक बहुधा तिथेच होते.

खात्यात वर्षाची एकूण विक्री ९६० डझन दिसत होती. मी पंचवीस टक्के वाढवून १,२०० डझन लिहिले. परंतु त्या ९६० मध्ये २४० डझन एका नव्या हॉटेलच्या उद्घाटनापुरते, एकदाच गेलेले होते. नेहमीची उचल महिन्याला ६० डझन, म्हणजे वर्षाला ७२० डझनच होती. माझ्या लेखी पंचवीस टक्के असलेली वाढ त्या व्यापारी शेठजींच्या लेखी जवळजवळ सदुसष्ट टक्के होती. पत्राला उत्तर आले नाही आणि पुढील महिन्याची मागणी ४५ डझनांवर आली. शेवटी फोन केला तेव्हा ते म्हणाले, “आमच्या गोडाऊनमध्ये किती माल पडून आहे, हे विचारलंत का?”

म्हणून एकूण बेरजेवर विसंबू नका. बाराही महिन्यांची बिले एकेक करून पाहा, एकदाच गेलेला माल व परत आलेला माल वजा करा, आणि मगच सरासरी काढा. यास फार तर अर्धा दिवस लागतो. “आधी मोठा आकडा सांगा, मग खाली या,” असे सांगणारे ज्येष्ठ सहकारी प्रत्येक कार्यालयात असतात. भाव करताना ते चालत असेल, पण आभार मानताना तसे केले की आभारच खोटे वाटू लागतात.

तुमच्याकडूनही असे झाले असेल, तर घाबरू नका. मी दुसरे पत्र केवळ आभाराचे लिहिले: “टाळेबंदीत लॉज बंद असतानाही आपण मागील बाकी हप्त्यांनी पूर्ण चुकती केलीत, याची आम्हांस जाण आहे.” त्यात दराचा किंवा डझनांचा उल्लेख नव्हता. आठ दिवसांनी, आधी फोन करून, वेगळ्या कागदावर प्रस्ताव दिला: महिन्याला ७० डझन, वर्षाअखेर ८४० डझन पूर्ण झाल्यास एकूण खरेदीवर दोन टक्के सूट, आणि न झाल्यास सध्याचाच दर, कोणताही दंड नाही.

शेठजींनी ७० खोडून पेनाने ६५ लिहिले. आम्ही सूट मिळण्याची मर्यादा ७८० डझनांवर आणून तोच कागद सही करून परत पाठवला.