नाव आधी फोनवर सांगून बघा, मग बँकेत नेऊन बघा

२०१८ साली नाशिकला घरून भाषांतर आणि मुद्रितशोधनाची कामं घ्यायला लागले, तेव्हा नाव ठरवायला मी जेमतेम एक संध्याकाळ दिली होती. 'क्षितिज सोल्युशन्स'. ऐकायला भारदस्त वाटलं, घरच्यांनाही आवडलं, दुसऱ्याच दिवशी कार्डं छापायला टाकली. तीन वर्षांनी हे नाव बदलावं लागलं. एकट्यानं सेवा देणारं कुणी आज नाव शोधत असेल, तर त्याला माझी ही तीन वर्षं वाचवता यावीत म्हणून लिहिते आहे.

पहिला फटका चेकचा. एका संस्थेचं काम झालं, बिल दिलं आणि ₹१८,४०० चा चेक आला, 'क्षितिज सोल्युशन्स' या नावानं. बिलाच्या वर मी तेच नाव मोठ्या अक्षरात छापलेलं होतं, त्यामुळे त्यांची काहीच चूक नव्हती. बँकेतल्या बाईंनी चेक उलटसुलट बघितला आणि विचारलं, "ह्या नावाचं करंट खातं आहे का तुमचं?" माझं होतं साधं बचत खातं, माझ्या स्वतःच्या नावाचं. चेक जमा होईना. तो परत पाठवून माझ्या नावानं नवा मागवायचा, तोवर मार्च संपला, संस्थेचे हिशेब बंद झाले आणि पैसे हातात यायला सात आठवडे लागले.

नव्या माणसाला इथे एक गोष्ट नीट समजायला हवी. एकट्यानं धंदा करताना, म्हणजे प्रोप्रायटरशिपमध्ये, धंद्याचं नाव आणि तुम्ही कायद्याच्या दृष्टीनं वेगळे नसता. पॅन तुमचंच, आयकर विवरणपत्र तुमचंच. धंद्याचं नाव हे फक्त टोपणनाव. पण बँक त्या टोपणनावानं आलेले पैसे तुमच्या बचत खात्यात घेत नाही. म्हणून एक तर बिलावर स्वतःचं नाव ठेवा, नाही तर धंद्याच्या नावाचं चालू खातं उघडा. यातलं काय करायचं ते नाव छापण्याआधी ठरवा.

दुसरा त्रास रोजचा होता, म्हणून जास्त जाचला. ईमेलचा पत्ता फोनवर सांगायचा म्हणजे 'के एस एच आय...' अशी पाढ्यासारखी सुरुवात. तरी कुणी `kshiteej` लिही, कुणी `xitij`, दिल्लीकडचे हमखास `kshitiz` लिहीत. फायली भलत्याच पत्त्यावर जात आणि मी आपली 'अजून आली नाही' म्हणून वाट बघत बसे.

तिसरा प्रकार 'सोल्युशन्स' या शब्दाचा. एका एजन्सीनं ९०,००० शब्दांचं काम दहा दिवसांत मागितलं. मी दिवसाला दोन ते अडीच हजार शब्द नीट करते, म्हणजे दहा दिवसांत फार तर पंचवीस हजार. तसं सांगितल्यावर पलीकडचा मुलगा गोंधळला, "पण तुमच्याकडे टीम आहे ना?" त्याला तसं वाटायला मीच कारण दिलं होतं. 'सोल्युशन्स', 'अँड असोसिएट्स', 'ग्रुप' हे शब्द एकट्या माणसाच्या नावाला लावू नयेत असं माझं ठाम मत आहे. ग्राहक त्यावर विश्वास ठेवतो आणि मग त्याच्या अपेक्षा त्या नावाच्या मापानं वाढतात. 'प्रायव्हेट लिमिटेड' तर तशी कंपनी नोंदवल्याशिवाय लावताच येत नाही.

२०२१ मध्ये नाव बदलायचं ठरवलं तेव्हा मात्र घाई केली नाही. वहीत चार नावं लिहिली: अक्षरवेल, मजकूर, ओळ आणि वेलांटी. मग पाच जणांना फोन केले. भाऊ, नागपूरची मैत्रीण, एक छपाईवाले काका, बंगळुरूच्या एजन्सीतली समन्वयक आणि मराठी न येणारी एक शेजारीण. प्रत्येकाला नाव एकदाच सांगायचं, स्पेलिंग सांगायचं नाही आणि त्यांनी ते इंग्रजी अक्षरांत टाइप करून मला पाठवायचं.

'अक्षरवेल'चे काही `aksharvel` आणि काही `aksharavel` आले. मराठीत आपण 'र' पूर्ण लिहितो पण बोलताना अर्धवट सोडतो, त्यामुळे मधला `a` घालायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवलं. जोडशब्दांच्या नावांत हा घोळ कायमचा. 'मजकूर'चे `majkur`, `majkoor`, `mazkur` असे तीन अवतार झाले. 'ओळ' मला मनापासून आवडलं होतं, पण 'ळ' रोमन लिपीत नाही आणि बंगळुरूच्या बाईंनी तो नीट उच्चारला तरी लिहिताना `ol` की `oal` यात त्या अडकल्या. 'वेलांटी'चे मात्र पाचांपैकी चार `velanti` आले, एक `velaanti`. मुद्रितशोधन करणाऱ्या बाईचं नाव वेलांटी, यात मराठी माणसाला काम लगेच कळतं, आणि मराठी न येणाऱ्याला निदान टाइप करता येतं.

नाव मोकळं आहे का हे बघायला तीन ठिकाणं पुरली. गूगलवर दोन्ही स्पेलिंगं टाकून पाहिलं, `.in` डोमेन मिळतं का ते पाहिलं आणि `ipindia.gov.in` वरून ट्रेडमार्कचा सार्वजनिक शोध घेतला. ट्रेडमार्क ४५ वर्गांत विभागलेले असतात, त्यातले ३५ ते ४५ सेवांचे. भाषांतर ४१ मध्ये येतं, हिशेब लिहिण्याचं काम ३५ मध्ये, डिझाइन ४२ मध्ये. आपल्या वर्गात शोधायचं आणि हुबेहूब शब्दाबरोबर उच्चारानं जवळचे शब्द देणारा पर्यायही वापरायचा, कारण हरकत सारख्या ऐकू येणाऱ्या नावावरूनही येते. नोंदणी मी लगेच केली नाही. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ₹४,५०० आहे. पहिल्या वर्षी तेवढ्या पैशांत डोमेन, कार्डं आणि शिक्का होऊन काही उरतं, म्हणून आधी ते केलं. नोंदणी होईपर्यंत नावापुढे गोलातला 'आर' लावू नका, तो गुन्हा आहे.

नावाचं ठरल्यावर कागदपत्रांचं काम झटपट झालं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, `udyamregistration.gov.in` वर फुकट होते. पैसे मागणाऱ्या मिळत्याजुळत्या साइट्सपासून सावध राहा. महाराष्ट्रात माणसं थोडीच असतील तर शॉप अ‍ॅक्टखाली फक्त सूचना द्यावी लागते आणि तिची पावती मिळते. बँकेत अजूनही तिला गुमास्ताच म्हणतात. प्रोप्रायटरच्या चालू खात्याला बँक धंद्याचे दोन पुरावे मागते, माझे हेच दोन चालले. दोन्हींवर नाव अक्षरशः एकसारखं असायला हवं, एकावर 'वेलांटी' आणि दुसऱ्यावर 'वेलांटी सर्व्हिसेस' झालं की पुन्हा हेलपाटा. या दोन कागदांमुळे नावावर तुमचा हक्क मात्र तयार होत नाही. त्याच नावानं दुसराही कुणी उद्यम नोंदणी करू शकतो.

आता बिलाच्या वर 'वेलांटी' असतं आणि खाली लहान अक्षरात 'प्रोप्रायटर' म्हणून माझं पूर्ण नाव, पॅनवर जसं आहे तसंच. कुठल्याही हिशेबनिसाला दोन्हींचा मेळ एका नजरेत लागतो.

दिसण्याच्या बाबतीत मी कमीत कमी ठेवलं. एक फाँट, एक रंग, एक खूण. पण तेवढ्यातही एक चूक झालीच. कार्डाचा पहिला नमुना हातात आला आणि मी 'वेलांटी'तल्या 'ल'वर अडकले. तो हिंदीतला दंडाचा 'ल' होता. मराठीसाठी पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' घ्यावा असं राज्य सरकारच्या २००९ च्या शासननिर्णयात आहे, आणि शाळेपासून आपण तोच गिरवतो. मराठी शुद्धलेखनाचं काम करणारीच्या कार्डावर हिंदी वळणाचा 'ल' मला चालणार नव्हता. बरेच देवनागरी फाँट आपोआप हिंदी वळण दाखवतात. काहींत मजकुराची भाषा 'मराठी' निवडली की अक्षर बदलतं, काहींत ती सोयच नसते. मी शेवटी `Tiro Devanagari Marathi` घेतला. त्यात मराठी वळण मुळातच आहे आणि परवाना मुक्त असल्यानं धंद्यासाठी वापरायला पैसे पडत नाहीत. तुमच्या नावात 'ल' किंवा 'श' असेल तर छपाईआधी तेवढी दोन अक्षरं मोठी करून बघाच.

खूण म्हणून नुसती वेलांटी घ्यायची होती. टाइप केली तर पडद्यावर तिच्याशेजारी ठिपक्यांचं वर्तुळ उमटलं, कारण काना-मात्रा अक्षराशिवाय एकटी आली की संगणक तिथे अक्षराची जागा दाखवतो. छपाईवाल्या काकांनी आख्खं अक्षर आउटलाइनमध्ये बदललं, वेलांटी वेगळी काढली आणि तीच खूण झाली. ती फाइल मी `velanti.svg` म्हणून जपून ठेवली आहे; आउटलाइन केल्यावर दुसऱ्या संगणकावर फाँट नसला तरी आकार बदलत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या चिमुकल्या गोलात आख्खं नाव वाचताच येत नव्हतं, ही एक रेघ मात्र लांबूनही ओळखू येते.

रंग घेतला मुद्रितशोधनाच्या पेनचा लाल, `#A3212B`. हा आकडा लिहून ठेवा, नाही तर कार्डावरचा लाल वेगळा आणि बिलावरचा वेगळा होतो. 'क्षितिज'चा रंग पिवळा होता आणि बिलाची झेरॉक्स काढली की नावच गायब व्हायचं. हा लाल झेरॉक्समध्ये गडद राखाडी उमटतो.

पुढे घराबाहेर पाटी लावायची वेळ आली तर राज्यातला नियम लक्षात ठेवा: २०२२ च्या दुरुस्तीनंतर छोट्या आस्थापनांनाही मराठी देवनागरीत नाव लावणं बंधनकारक आहे आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत.

जुन्या ग्राहकांना नवं नाव कळवताना मी घाऊक मेल पाठवली नाही. प्रत्येकाला पुढच्या बिलासोबत दोन ओळी आणि नव्या खात्याचा रद्द केलेला चेक जोडला, आणि वर फोन करून सांगितलं, कारण खातं बदललंय अशी नुसती मेल आली तर हिशेब विभागाला ती फसवणूक वाटते आणि तसं वाटायलाही हवं. जुना ईमेल पत्ता मी अजून बंद केलेला नाही, त्यावर येणारं सगळं नव्या पत्त्यावर वळवलं आहे. गेल्या दिवाळीतही त्यावर एक जाहिरातीचं भाषांतर आलं.