एकाच फोटोत तोच माणूस दोनदा: सावलीच्या या चुका टाळा

ट्रायपॉड लावला, दोन फोटो काढले, Photoshop मध्ये मास्क मारला, झालं, असं वाटतं खरं, पण फोटो बघणाऱ्याला काहीतरी खटकतंच आणि नक्की काय ते त्याला सांगता येत नाही. बहुतेक वेळा दोष कटिंगचा नसतो, सावलीचा असतो.

एक साधी केस घेऊ. डावीकडे खिडकी, तिच्याजवळ तुम्ही कप घेऊन उभे, आणि उजवीकडे खुर्चीत तुम्हीच पुस्तक वाचत बसलेले. पहिल्या फ्रेममध्ये उभ्या माणसाची सावली जमिनीवरून सरकत रिकाम्या खुर्चीवर चढते. दुसऱ्या फ्रेममध्ये खिडकीपाशी कोणीच नाही, त्यामुळे बसलेल्यावर छान पूर्ण उजेड. आता दोन्ही जोडले की सावली जमिनीवरून येते आणि मास्कच्या कडेला एकदम गायब होते, म्हणजे उजेड तुमच्या आरपार गेला की काय! सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, आणि ती एडिटिंगला बसल्यावर लक्षात येते.

सोपा उपाय शूटिंगच्या आधीच आहे. दोन्ही जागा अशा निवडा की एक दुसऱ्याच्या उजेडात येणार नाही. उजेड डावीकडून येतोय ना, मग एकाला कॅमेऱ्याच्या जवळ आणि दुसऱ्याला मागे ठेवा, एकाच्या उजवीकडे दुसरा नको. तीच पोझ हवी असेल तर बसलेला शॉट घेताना खिडकीपाशी साधारण तेवढ्याच उंचीचं कोणीतरी उभं करा, म्हणजे सावली खरीखुरी पडेल. नंतर त्या माणसाच्या जागी उभे तुम्ही येता, आणि त्याचा जो भाग बाहेर डोकावेल तो रिकाम्या खोलीच्या फ्रेमने झाकायचा. म्हणून रिकामी फ्रेम काढायचीच, सुरुवातीला एक आणि शेवटी एक.

आणि शूट होऊन गेलं असेल तर? मग सावली रंगवायची, पण अंदाजाने नाही. रिकाम्या फ्रेममध्ये खुर्चीच्या हातावर कर्सर नेऊन Info पॅनलमध्ये उजेडाचा आकडा बघा, समजा 160 आहे, आणि उभ्या माणसाच्या फ्रेममध्ये त्याच जागी सावलीत 110 आहे. मग Curves लेयर घेऊन 160 चा पॉइंट 110 वर आणायचा, मास्क काळा करायचा आणि मऊ ब्रशने सावलीच्या आकारात उघडायचा. माणसाच्या पायाशी कड थोडी स्पष्ट, लांब जाईल तशी पसरट. याला मर्यादा आहे बरं का, चेहऱ्यावर सावली पडत असेल तर हे चालत नाही, कारण चेहरा गडद होतो पण नाकाची कडक सावली आणि डोळ्यातली खिडकीची चमक तशीच राहते. तिथे परत शूट करणं परवडतं.

दुसरी चूक, मास्क अंगाला चिकटून कापणं. बुटाखालची आणि खुर्चीच्या पायाजवळची गडद रेघ कापली गेली की माणूस हवेत तरंगतो. मास्क ऐसपैस ठेवा, जोड दोघांच्या मधल्या मोकळ्या जमिनीवर येऊ दे.

दोन सावल्या एकमेकींवर आल्या तर लोक Multiply लावतात आणि मधे काळा डाग पडतो. एकच कडक उजेड असेल, जसं ऊन किंवा उघडा फ्लॅश, तर एकमेकींवर आलेली सावली आणखी गडद होत नाही, उजेड आधीच अडलेला असतो, म्हणून सावलीच्या भागात Darken लावा. मोठ्या खिडकीच्या मऊ उजेडात मात्र दोघं खिडकीचे वेगवेगळे भाग अडवतात, त्यामुळे तिथे थोडं जास्त गडद होणं बरोबरच आहे. हा फरक मला तरी मास्किंगपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

कॅमेऱ्यात एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, फोकस सगळं मॅन्युअल, हे माहीतच असेल, ऑटोवर ठेवलं तर पांढरा शर्ट फ्रेममध्ये आला की भिंतीचा टोन बदलू शकतो. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशनही बंद करा. ढगांचा दिवस असेल तर दोन्ही पोझ पटापट घ्या.

जोडायला बसलात की आधी वरचा लेयर Difference करून बघा. बॅकग्राउंड जवळजवळ काळं दिसलं तर सगळं ठीक. वस्तूंच्या कडेने बारीक उजळ रेघा दिसल्या तर कॅमेरा हललाय, Auto-Align Layers चालवा. आणि अख्खी भिंत करडी दिसत असेल तर उजेड बदललाय, मग मास्कला हात लावायच्या आधी Curves ने दोन्ही फ्रेमची तीच भिंत एका आकड्यावर आणा.