वरची दाढ, उघडलेला सायनस आणि नाक शिंकरण्याचा प्रश्न

वरची दाढ काढताना तोंड आणि गालाच्या हाडातला सायनस यांच्यात छिद्र पडणे, म्हणजे ओरोअँट्रल कम्युनिकेशन, हे प्रकरण परीक्षेत बहुतेकांना नीट येते, पण दवाखान्यातल्या खुर्चीवर ते समोर घडले तरी नव्या डॉक्टरच्या लक्षात येतेच असे नाही. दाढ निघालेली असते, भूल टिकून असते, रुग्णाला काही दुखत नसते आणि रक्तही नेहमीइतकेच येत असते, त्यामुळे कापूस चावायला देऊन रुग्णाला घरी पाठवले जाते. दोन दिवसांनी तोच रुग्ण चहा नाकातून येतो अशी तक्रार घेऊन परत येतो, तेव्हा उपचाराची सर्वांत सोयीची वेळ जवळजवळ निघून गेलेली असते. सोलापुरात दवाखाना चालवताना आणि इंटर्न मुलामुलींना शिकवताना मला जे उपयोगी पडले, ते येथे लिहीत आहे. मोठ्या छिद्रांवर शेजारचे ऊतक सरकवून ते झाकण्याच्या, म्हणजे फ्लॅपच्या, शस्त्रक्रियेत मी शिरणार नाही. साध्या दवाखान्यात ज्याची गाठ सर्वांत जास्त पडते, त्या काही मिलिमीटरच्या छिद्रापुरतेच हे लेखन आहे.

मॅक्झिलरी सायनसचा तळ वरच्या पहिल्या आणि दुसऱ्या दाढेच्या मुळांना अगदी लागून असतो, आणि कित्येकदा मुळांच्या टोकांवर हाडाचा केवळ पातळ पापुद्रा आणि सायनसचे अस्तर एवढेच उरलेले असते. शेजारचे दात पूर्वीच काढलेले असून एखादीच दाढ एकटी उभी असेल, तर त्या रिकाम्या जागेत सायनस खाली उतरलेला असतो आणि धोका वाढतो. आपल्याकडे पन्नाशीच्या आसपासच्या रुग्णांत अशी एकटी दाढ वारंवार दिसते. म्हणून एक्स-रेमध्ये सायनसच्या तळाची पांढरी रेघ मुळांच्या मध्ये खाली झुकलेली दिसली, तर फोरसेप्स लावण्याआधीच दाढेचे तुकडे करून तिन्ही मुळे एकेक काढण्याचे ठरवावे. यात दहा-पंधरा मिनिटे जास्त जातात, पण ती वाया जात नाहीत.

आता एक उदाहरण सविस्तर पाहू. शहराच्या पूर्व भागातल्या, बिड्या वळण्याचे काम करणाऱ्या, पंचेचाळिशी ओलांडलेल्या एक बाई सुनेला घेऊन आल्या होत्या. डावीकडची वरची पहिली दाढ आतून पूर्ण पोखरलेली होती आणि तिच्या पुढची व मागची जागा रिकामी होती. मुळे वेगळी करून बाहेरच्या बाजूची दोन व्यवस्थित निघाली. टाळूकडचे मूळ निघताना मात्र त्याच्या टोकाला लहानसा, आतून गुळगुळीत आणि किंचित खोलगट असा हाडाचा तुकडा चिकटून आला. काढलेला दात ट्रेमध्ये टाकण्याआधी गॉजने पुसून उजेडात पाहण्याची सवय लावून घ्या, असे मी प्रत्येक इंटर्नला सांगतो ते यासाठीच. मुळाला चिकटलेला असा गुळगुळीत तुकडा म्हणजे सायनसच्या तळाचाच भाग असू शकतो, आणि पुढचे काही विचारण्याआधी दाताने अर्धे उत्तर देऊन टाकलेले असते.

उरलेले अर्धे उत्तर दाढ निघालेल्या खळग्यातून, म्हणजे सॉकेटमधून, मिळते. चांगल्या प्रकाशात, आरसा धरून, रक्त हलक्या हाताने टिपून पाहिले तर श्वासाबरोबर रक्तात बारीक बुडबुडे येताना दिसतात. सक्शनची नळी जवळ नेली की एरवीचा आवाज बदलून पोकळ भांड्यासारखा घुमणारा आवाज येतो. या बाईंच्या बाबतीत दोन्ही खुणा स्पष्ट होत्या. सक्शन सॉकेटच्या तोंडापाशी धरून ऐकणे पुरेसे आहे. नळी आत खोल घालू नये, कारण फाटायचे राहिलेले अस्तर त्यानेच फाटू शकते.

येथे नाक दाबून फुंकर मारायला लावण्याच्या चाचणीबद्दल बोलायला हवे, कारण पुस्तकात ती पहिल्याच ओळीत सापडते. रुग्णाने नाकपुड्या चिमटीत धरून, तोंड उघडे ठेवून नाकातून हवा सोडण्याचा प्रयत्न केला, तर ती हवा सायनसमार्गे सॉकेटमधून बाहेर येते आणि बुडबुडे दिसतात. माझे मत असे आहे की हाडाचा तुकडा आणि आवाज यांवरून निदान झाले असेल तर ही चाचणी करूच नये, आणि शंका उरलीच असेल तर अगदी हळुवार करावी. हाड तुटले असले तरी अस्तर शाबूत असण्याची शक्यता असते, आणि जोराच्या फुंकरीने तेच अस्तर फाटून नसलेले छिद्र तयार होऊ शकते. शिवाय बुडबुडे आले नाहीत म्हणून छिद्र नाहीच, असेही म्हणता येत नाही. प्रोब किंवा क्युरेट घालून छिद्र चाचपण्याचा मोह तर पूर्णपणे टाळावा. मूळ मोडून अचानक दिसेनासे झाले असेल तर तो वेगळा विषय आहे: तेथे हात थांबवावा, एक्स-रे काढावा आणि रुग्णाला ओरल सर्जनकडे पाठवावे.

छिद्राचा आकार थेट मोजता येत नाही, तो बाहेर आलेल्या हाडाच्या तुकड्यावरून अंदाजाने धरावा लागतो. साधारणपणे 2 मिलिमीटरपेक्षा लहान छिद्र रक्ताची गुठळी टिकली तर आपोआप बंद होते. 2 ते 6 मिलिमीटरच्या छिद्रात गुठळी टिकवण्यासाठी मदत करावी लागते, आणि त्याहून मोठ्या छिद्रावर फ्लॅप सरकवून ते झाकावे लागते. आमच्या बाईंचे छिद्र अंदाजे 3 ते 4 मिलिमीटरचे होते. सॉकेटच्या कडेची टोकदार हाडे गुळगुळीत केली, जिलेटिन स्पंजचा तुकडा सॉकेटच्या वरच्या टोकापर्यंत न ढकलता तोंडाकडच्या भागात हलकेच बसवला आणि त्यावरून 3-0 सिल्कचा इंग्रजी आठच्या आकाराचा टाका घेतला. स्पंज दाबून वर सारला तर तो सायनसमध्ये जातो आणि तेथे बाहेरची वस्तू होऊन बसतो. टाक्याचा हेतूही दोन्ही हिरड्या ताणून जुळवण्याचा नसतो, खालची गुठळी जागेवर धरून ठेवण्याचा असतो. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी नसल्याची खात्री करून पाच दिवसांचे अँटिबायोटिक दिले, आणि नाक चोंदू नये म्हणून झायलोमेटाझोलिनचे थेंब तीन दिवसांपुरते दिले. हे थेंब लांबवले तर नाक उलट जास्तच चोंदते, म्हणून मुदत चिठ्ठीवर ठळक लिहावी.

येथपर्यंतचे काम डॉक्टरचे असते, पुढचे दोन आठवडे मात्र सारे रुग्णाच्या हाती असते. म्हणून नाक न शिंकरण्याचा सल्ला कागदावर छापून देणे मला कधीच पुरेसे वाटले नाही. नाक शिंकरताना माणूस नाकपुड्या दाबून आतून जोर लावतो. तो दाब सायनसच्या छोट्या वाटेने आत शिरतो आणि कोवळ्या गुठळीला वरून खाली ढकलतो. एकदा गुठळी निसटली की तोंड आणि सायनस यांच्यामधली वाट उघडी राहते. एवढे कारण साध्या शब्दांत सांगितले की रुग्ण स्वतःहून जपतो. बाईंनी लगेच विचारले, "मग नाक भरलं तर करायचं काय, डॉक्टर? तंबाखूच्या धुळीनं तर दिवसभर शिंका येत्यात." मी सांगितले, "मावशी, नाकातून आलेले पाणी मऊ फडक्याने वरचेवर टिपा, आत राहिले ते हळूच घशाकडे ओढून थुंकून टाका, पण थुंकतानाही जोर लावू नका. शिंक आली तर ती दाबू नका, नाक धरू नका, तोंड उघडे ठेवून शिंका." शिंक तोंड उघडे ठेवून सोडली की दाब बाहेरच्या बाहेर निघून जातो, आणि नाक दाबून अडवलेली शिंक मात्र शिंकरण्याइतकाच घात करते.

त्यांच्या प्रश्नामुळे आणखी एक गोष्ट ठरवता आली. सुनेला सांगून पहिला आठवडाभर तंबाखूच्या सुपापासून त्यांना लांब बसवले, आणि त्यानंतर तोंडानाकावर ओला रुमाल बांधून काम करायला सांगितले. यंत्रमागाच्या शेडमध्ये काम करणाऱ्यांना, जेथे सुताचा भुगा सतत हवेत असतो, हाच सल्ला लागू पडतो. रुग्णाचा धंदा काय आहे हे विचारल्याशिवाय शिंकांचा सल्ला अपुराच राहतो.

नाकाकडून येणारा दाब जसा धोक्याचा, तसे तोंडाकडून ओढले जाणेही धोक्याचे असते. स्ट्रॉने उसाचा रस किंवा नारळपाणी पिणे, बिडी-सिगारेट ओढणे, जोरजोराने चुळा भरणे, हे सर्व गुठळी खाली खेचते. म्हणून पहिल्या दिवशी चूळच नको, आणि दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचे पाणी तोंडात धरून मान कलती करून सोडून द्यावे. मिश्रीचा उल्लेख मी नाव घेऊन करतो, कारण तंबाखू बंद असे म्हटले की आपल्याकडच्या अनेक बायकांच्या मनात मिश्री त्यात मोडतच नाही, आणि बोट थेट त्या जागेवर फिरत राहते. फुगे फुगवणे, शंख किंवा सनई वाजवणे, जलनेती, कपालभाती आणि भस्त्रिका हेही दोन आठवडे बंद ठेवावे लागते. कपालभातीचा प्रश्न रुग्ण स्वतः काढत नाहीत, तो आपणच काढावा लागतो. रात्री डोक्याखाली उशी थोडी उंच घ्यावी. पहिल्या दिवशी त्याच बाजूच्या नाकपुडीतून थोडे रक्तमिश्रित पाणी आले तर घाबरू नये, हेही आधीच सांगून ठेवावे, नाहीतर रुग्ण घाबरून नेमके नाक शिंकरूनच ते साफ करतो.

बाईंना तिसऱ्या दिवशी बोलावले. टाका जागेवर होता, सूज नव्हती आणि पाणी पिताना नाकात काही येत नव्हते. एका आठवड्यानंतर सॉकेटमध्ये लालसर दाणेदार ऊतक भरू लागलेले दिसले, दहाव्या दिवशी टाका काढला. महिनाभराने वरची हिरडी पूर्ण मिटली होती. आतले हाड भरायला मात्र काही महिने लागतात, आणि हे सांगून ठेवावे, कारण हिरडी मिटली की रुग्ण लगेच कवळीचे विचारतो.

सगळीच प्रकरणे अशी सरळ जात नाहीत. प्यायलेले पाणी त्या बाजूच्या नाकातून येणे, तोंडात खारट किंवा कुजकट चव येत राहणे, एकाच नाकपुडीतून घाण वासाचा पिवळा स्राव, गालात जडपणा आणि खाली वाकताना वाढणारे दुखणे, ही छिद्र बंद न झाल्याची आणि सायनसला संसर्ग झाल्याची लक्षणे आहेत. उघडी राहिलेली वाट हळूहळू आतून त्वचेसारख्या अस्तराने मढली जाते आणि तीन आठवड्यांच्या पुढे तिचा पक्का फिस्टुला होतो. त्या अवस्थेत पुन्हा टाका घालून काही साधत नाही. आधी सायनस धुऊन आणि औषधांनी स्वच्छ करावा लागतो, मग वाटेचे अस्तर काढून गालाकडचा किंवा टाळूचा फ्लॅप, अथवा गालातल्या चरबीचा थर वापरून ती जागा बंद करतात. हे काम ओरल सर्जनचे आहे. पाठवताना चिठ्ठीत दाढ कोणत्या तारखेला काढली, हाडाचा तुकडा केवढा होता, स्पंज घातला होता का आणि कोणते अँटिबायोटिक किती दिवस दिले, हे लिहावे, आणि जुना एक्स-रे सोबत द्यावा.